वस्तऱ्यानं पेरलेलं

आमचे मेहुणे न्हावी. गिऱ्हाइकाच्या हनुवटीवर एक खुंट राहिला तरी त्याला पुन्हा खुर्चीत बसवणार. गिऱ्हाइकाला दर वेळी नवं पातं, धुतलेला टॉवेल. घरी मात्र पातं बोथट होईस्तोवर तेच, आणि नवरा-बायकोत टॉवेल एकच. काय म्हणावं या माणसाला!

एकदा त्यांना नको त्या जागी तीन-चार पुटकुळ्या दिसल्या. गुळगुळीत, मोत्याच्या रंगाच्या, घुमटासारख्या, मधोमध बारीक खळी. दुखत नव्हत्या. दुसरा कुणी डॉक्टरकडे गेला असता. यांनी वस्तरा काढला! माझ्या धाकट्या बहिणीला कळू नये म्हणून सगळं सफाचट केलं, आणि पुढेही करत राहिले. पुटकुळ्या वाढल्या, वस्तरा फिरला तिथे ओळीनं उठल्या. मग बहिणीच्या मांडीवरही आल्या आणि तिनं घर डोक्यावर घेतलं.

दवाखान्यात तिनं मलाही आत ओढलं. डॉक्टरीणबाईंनी भिंग लावून पाहिलं. "मोलस्कम. हा विषाणू वरच्या कातडीतच राहतो. पुटकुळीतला पांढरा गर दुसरीकडे लागला की तिथे नवी येते. दाढीसारखं रोज खरवडून तुम्हीच पेरलंत."

मेहुण्यांचा चेहरा पडला. हातातल्या कलेवर सगळा संसार चाललेला, आणि हे ऐकायचं!

"पण पहिली आली कुठून?" बहिणीनं विचारलं.

"मोठ्या माणसांत या जागी बहुतेक वेळा शरीरसंबंधातून येते. टॉवेलमधूनही येऊ शकते. लागण झाल्यावर दिसायला आठवडे जातात, कधी महिनेही. कुणाकडून आली, हे कातडी बघून नाही सांगता येत."

वस्तरा बंद, खाजवायचं नाही, टॉवेल वेगळे, पुटकुळ्या जाईपर्यंत जवळ यायचं नाही. बऱ्याचदा आपोआप जातात, पण वर्षभरही लागू शकतं. बाकीच्या तपासण्या झाल्या, दोघांच्याही चांगल्या निघाल्या.

बहिणीनं त्यातलं 'बहुतेक' तेवढं उचललं. बॅग भरून माझ्याकडे आली. मीही मेहुण्यांना फोनवर नको नको ते बोलले. ते एवढंच म्हणाले, "ताई, मी कुठेही गेलो नाही हो." खरं असेल, खोटं असेल. मला आजही ठाऊक नाही, आणि तोच जीवाला घोर आहे.

बहिणीच्या पुटकुळ्या आधी गेल्या. मेहुण्यांच्या जायला वर्ष उलटलं. परवा ते माझ्या दारात उभे राहिले, गाल गुळगुळीत, अंगात इस्त्रीचा शर्ट.

"ताई, सगळं गेलं. डाग म्हणून राहिला नाही. तिला एवढं सांगा ना."

बहीण पडद्याआडून सगळं ऐकत होती. "आल्या कुठून, ते सांगा," ती तिथूनच म्हणाली.

मेहुणे पडद्याकडे वळले. मग म्हणाले, "मलाच माहीत असतं तर..."

आतल्या खोलीची कडी लागली. मी त्यांना पाणीसुद्धा विचारलं नाही.