उरलेले चार बोल

जयवंतीबाईंना बोलता येत नव्हतं असं मुळीच नाही. नणंदेशी भांडताना त्यांना कधी शब्द शोधावा लागला नाही, आणि भाजीवाल्याला तर त्या मराठी, हिंदी आणि माळवी अशा तिन्ही भाषांतून पळवून लावत. पण अनोळखी माणसाशी, काही काम नसताना, उगीच आपलं दोन शब्द बोलायचं म्हटलं की त्यांच्या जिवावर यायचं. घरातलं ते खातं नवऱ्याकडे होतं.

रत्नाकरराव देवासच्या बसस्टँडवर खाजगी बसगाड्यांचं बुकिंग बघत. धार, धरमपुरी, कन्नौद, खातेगाव, कुठलाही पॅसेंजर असो, तिकीट हातात पडेपर्यंत हा गृहस्थ त्याच्या सासुरवाडीपर्यंत पोचलेला असायचा. पॅसेंजर आला की "काय म्हणता?" तो बोलू लागला की "मग?" काही बरं ऐकलं की "अरे वा!" आणि गाडी निघाली की "चला!" समोरचा हिंदी बोलो नाहीतर माळवी, हे चार बोल मराठीतच. अख्खा स्टँड त्यांना 'काय म्हणता बाबूजी' म्हणे.

दीड वर्षापूर्वी एका सकाळी दाढी करता करता ते खाली बसले, ते उजवा हात आणि वाचा घालवूनच उठले. डॉक्टर म्हणाले, समजतं त्यांना सगळं, बोलायला शब्द सापडत नाहीत. मात्र जन्मभर न विचार करता तोंडातून गेलेलं काही काही मागे राहतं. राहिलं काय, तर हेच चार बोल. तीस वर्षं जिला 'जया' अशी हाक मारली, तिचं नाव गेलं आणि पॅसेंजरचे बोल राहिले! जयवंतीबाई दाराशी दिसल्या की ते खुर्चीतून विचारत, "काय म्हणता?" बाईंना ते ऐकवत नसे. नवऱ्याने आपल्याला धारच्या गाडीतल्या पॅसेंजरसारखं 'काय म्हणता' विचारावं? "काही नाही," असं म्हणून त्या सरळ स्वयंपाकघरात शिरत.

मुलगा अक्षत पुण्याला असतो. पैसे पाठवतो, रविवारी फोन करतो, पण औषधं आणि व्यायाम करून घेणारा माणूस यांत त्याचे पैसे कुठल्या कुठे जात. म्हणून एकावन्नाव्या वर्षी बाई औषधांच्या कारखान्यात पॅकिंगला लागल्या. गोळ्यांच्या पाकिटांमध्ये एखादा कप्पा रिकामा राहिलाय का, गोळी तुटलीय का, ते बघायचं. एक आठवडा पहिली पाळी, एक आठवडा दुसरी. पहिलीला पहाटे वरच्या मजल्यावरचे अण्णा येऊन रत्नाकररावांपाशी बसत. मग घरकामाची सीताबाई येई. दुसरीला मात्र सीताबाई रात्री बाई परतेपर्यंत थांबायची. आणि तीच एक दिवस पदर खोचत म्हणाली, "वहिनी, लेक बाळंतपणाला आलीय. एक तारखेपासून दिवे लागायच्या आत मी घरी जाणार. राग मानू नका."

राग कुणावर मानायचा? अण्णा संध्याकाळी आठला झोपणारे. दुसरं माणूस ठेवायचं तर पगार त्याच्याच हातात द्यायचा. उरला एकच उपाय, कायमची पहिली पाळी. नाहीतर नोकरी सोडायची.

सुपरवायझर अर्पित, अक्षतच्याच वयाचा. तो म्हणाला, "आंटी, मेरे को कोई दिक्कत नहीं. कोई अपनी पहली पाली आपको दे दे और आपकी दूसरी ले ले, तो मैं कर दूँगा. पर ढूँढना आपको पड़ेगा."

आता शोधायचं कसं? आत कामावर तोंडाला मास्क, डोक्यावर टोपी, बोलायला मनाई. पन्नास बायका आणि दिसतात नुसते डोळे. बोलणं काय ते कँटीनमध्ये, जेवणाच्या सुट्टीत. बाई आपला डबा घेऊन एका भरल्या टेबलापाशी गेल्या आणि उभ्यानंच म्हणाल्या, "नमस्ते. पहली पाली के बदले मेरी दूसरी किसी को चाहिए क्या?"

एकीनं दुसरीकडे बघितलं. "दो महीने नी हुए आए को," कुणीतरी म्हणालं, "और पाली माँगने लगी." बाईंचे कान तापले. अहो, तुम्हीच सांगा, गरज आहे ती गरज, ती काय साखरपेरणी करून सांगायची? पण नाही. तसं चालत नाही. रत्नाकररावांनी तरी कधी पॅसेंजरला आधी पैसे मागितले होते?

दुसऱ्या दिवशी त्यांनी ठरवलं, आधी ओळख करू. कोपऱ्यात एकटीच जेवत होती ती गुड्डी. खातेगावची, अडतीस-चाळिशीची, हसरी. बाई शेजारी बसल्या आणि आपल्याकडे बाईमाणसानं बाईमाणसाला पहिल्या भेटीत जे विचारायचं तेच त्यांनी विचारलं. "कितने बच्चे हैं?"

गुड्डीचं हसू होतं तिथेच विरलं. "नी हैं," ती म्हणाली. अर्धा डबा बंद करून उठून गेली.

बाई त्या रात्री घरी आल्या तेव्हा पाय ठणकत होते, पण त्याहून जास्त आपली जीभ झोंबत होती. दीड वर्षापासून लोक त्यांनाही पहिल्या भेटीत विचारत, "भाईसाब क्या करते हैं?" आणि दर वेळी काळजात काहीतरी खुपे. स्वतःला खुपतं ते दुसऱ्याला खुपेल, एवढी साधी अक्कल सुचू नये? गाढव कुठली, त्या स्वतःलाच म्हणाल्या.

रविवारी सकाळी त्या ओट्यावर पोहे परतत होत्या. बाहेरच्या खोलीत अण्णा आले होते. "काय म्हणता?" रत्नाकररावांचा आवाज आला.

"काय म्हणणार, परवा नळ आला तो पाऊण बादली देऊन गेला!"

"मग?"

झालं. अण्णा सुटले. नळावरून टँकरवर, टँकरवरून थोरल्या भावावर, भावावरून गेल्या महिन्यात वारलेल्या वहिनीवर आले. आणि नेमकं तिथं रत्नाकररावांच्या तोंडून निघालं, "अरे वा!" बाईंच्या हातातला झारा थांबला. रत्नाकररावांना चूक कळली. त्यांनी डाव्या हातानं स्वतःच्या तोंडावर चापट मारली, डोळे भरून आले. अण्णा मोठ्यानं हसले आणि हसता हसता त्यांनीही डोळे पुसले. "असू दे रे रत्नाकर. तशी वहिनीही तुझ्यावर हसलीच असती." मग पुन्हा तिच्याबद्दलच सांगत बसले. पोहे निवले तरी उठेनात. शेवटी रत्नाकररावांनी गुडघ्यावर थाप मारली, "चला!" आणि अण्णा खुशीत उठले. "बरं वाटतं हो वहिनी यांच्याशी बोललं की," दारात ते म्हणाले.

यांच्याशी बोललं की! बोलले कोण? बाई झारा हातात घेऊन तशाच उभ्या राहिल्या.

सोमवारी पहिली पाळी. पहाटे उठून डोळे चुरचुरत होते. सुट्टीत गुड्डी दिसली तशी बाई तिच्या समोर बसल्या. बाजूला नाही, समोर, एक खुर्ची सोडून. तिला उठून जायचं तर वाट मोकळी राहिली पाहिजे. डबा उघडला. मग देवासात कुणालाही, कधीही विचारता येतं ते विचारलं. "तुम्हारे यहाँ नल आया क्या?"

गुड्डीनं मान वर केली. "कहाँ आया ताई!" ती उसळली. "आता है एक दिन छोड़ के, वो भी सबेरे पाँच बजे. उस टेम मैं कंपनी की बस में."

"फिर?"

"फिर क्या! घर में सास हैं, घुटने गए उनके. आदमी ट्रक पे, महीने में आठ दिन घर. बाल्टी कौन भरे? पहली पाली वाले हफ्ते में पड़ोसन के हाथ जोड़ो, नी तो खरीद के लाओ."

बाईंच्या जिभेच्या टोकावर आलं होतं: अगं, मग पहिली पाळी मला दे! त्यांनी घास गिळला आणि त्याच्याबरोबर तेही गिळलं. एकदा तोंड भाजलं होतं. "हओ," त्या म्हणाल्या. "फिर सास क्या बोलती हैं?"

सासू काय बोलते, ते सगळं गुड्डीनं सांगितलं. सासूच्या हातचे डाळ-बाफले, नवऱ्याचा ट्रक, दवाखान्यांत घालवलेली वर्षं. शेवटचं तिनं आपणहून सांगितलं, डब्याच्या झाकणाकडे बघत. बाईंनी 'अरेरे' केलं नाही, देवाचं नाव सांगितलं नाही. "उस दिन मैंने गलत पूछ लिया था," त्या म्हणाल्या.

"सब पूछते हैं," गुड्डी म्हणाली. मग डब्याचं झाकण लावत, "और तुम्हारे घर?"

दीड वर्षात हा प्रश्न कुणी उत्तर ऐकायचं म्हणून विचारला नव्हता. बाईंनी थोडक्यातच सांगितलं. बसस्टँड, दाढी, चार बोल, सीताबाईची एक तारीख. मध्येच पाणी प्यायल्या. सुट्टी संपल्याची घंटा झाली. अजून बोलावंसं वाटत होतं, पण बाईंनी गुडघ्यावर थाप मारली. "चला," तोंडातून मराठीतच गेलं.

गुड्डी टोपी घालत उठली. "तुम्हारे को पहली पाली चाहिए थी ना? ले लो. मेरे को तो सबेरे घर ही रहना है, और रात को बस घर तक छोड़ती है." टोपीत केस कोंबत ती पुढे म्हणाली, "उसी दिन सुन लिया था मैंने, जब तुम सबके सामने माँग रही थीं. अगले दिन बोलने ही वाली थी, ताई. पर तुमने आते ही बच्चे गिन लिए."

दोघी अर्पितपाशी गेल्या. तो म्हणाला, "हो गया आंटी."

दुपारी बाई घराचा जिना चढल्या तेव्हा पाय नुसते ओढत होत्या. काळजी गेली की थकवा दुप्पट होऊन अंगावर येतो, तसं झालं होतं. सीताबाई तांदूळ निवडत होती. खुर्चीतून आवाज आला, "काय म्हणता?"

"काही न..." बाईंचे शब्द तिथेच अडकले.

हा माणूस दीड वर्ष, रोज, त्यांनाच विचारत होता. त्याच्यापाशी होते ते सगळे बोल तो त्यांच्यापुढे ठेवत होता, आणि त्या रोज 'काही नाही' म्हणून चूल गाठत होत्या. गुड्डीला पाणी विचारलं, सासू विचारली. घरच्या माणसाला दोन वाक्यं दिली नाहीत.

चप्पल न काढता त्या त्यांच्या समोर पाटावर बसल्या. "अहो, पाळी मिळाली. कायमची पहिली."

"अरे वा!" रत्नाकरराव म्हणाले. अगदी जिथं म्हणायचं तिथं.

मग बाईंनी गुड्डीचं सांगितलं, तिच्या नळाचं, सासूच्या गुडघ्यांचं. आपण काय चूक केली तेही सांगितलं. सांगता सांगता रडल्या, हसल्याही. सीताबाई तांदळाचं ताट उचलून हळूच आत गेली. बोलता बोलता सगळं संपलं. बाई नवऱ्याच्या डाव्या हाताकडे बघत राहिल्या. आता गुडघ्यावर थाप पडणार, आता 'चला' येणार.

हात गुडघ्यावरून उचलला गेला आणि बाईंच्या हातावर येऊन टेकला.

"मग?" त्यांनी विचारलं.