उरलेले दीडशे रुपये

धुळ्याच्या आमच्या कॉलेजात एम.ए.च्या वर्गाला मी सूक्ष्म अर्थशास्त्र शिकवतो. अनेक वर्षं मी मुलांना एक सोपी युक्ती देत आलो: उपयोगितेचं, म्हणजे समाधान मोजायचं, फलन घातांक चढवलेल्या संख्यांच्या गुणाकाराचं असेल, तर ज्या वस्तूचा जो घातांक, तोच तिच्यावरच्या खर्चाचा वाटा. पुस्तकातल्या उदाहरणांत घातांकांची बेरीज नेहमी एक असायची, म्हणून युक्ती कधी फसली नाही. मुलांना विकलनाची धास्ती होती. मलाही त्या पायऱ्यांचा आळस होता, हे आता कबूल करतो.

त्या वर्षी अंतर्गत चाचणीत जरा वेगळं काही द्यावं म्हणून मी आकडे बदलले. भज्यांच्या प्लेटचा घातांक एक द्वितीयांश, चहाचा एक चतुर्थांश. प्लेट वीस रुपयांना, चहा दहाला, महिन्याचे सहाशे रुपये. उदाहरण स्वतः सोडवून पाहिलं नाही. युक्तीने नमुना उत्तर लिहिलं: पंधरा प्लेट, पंधरा चहा. वर्गातल्या जवळपास सगळ्यांनी तेच लिहिलं आणि पूर्ण गुण घेतले.

एकीने वीस आणि वीस लिहिलं होतं. पिंपळनेरहून रोज एसटीने येणारी, फारसं न बोलणारी मुलगी. दोन पानांच्या पायऱ्या न वाचता मी शेवटच्या ओळीवर काट मारली. या प्रश्नाला दहापैकी शून्य, एकूण वीसपैकी चार. उत्तीर्ण व्हायला आठ लागतात. अंतर्गत चाचणी राहिली तर तो पेपर पुढच्या वर्षी, आणि घरून तिला दोनच वर्षांची मुदत होती. हे तिच्या मैत्रिणीने मला नंतर सांगितलं.

ती स्टाफरूममध्ये आली. "सर, माझी कोणती पायरी चुकली तेवढी दाखवा."

"उत्तरच चुकलंय. वर्गात सांगितलं तसं का केलं नाहीस?"

"केलं होतं, सर. पण तुमच्या उत्तरात भज्यांचे तीनशे, चहाचे दीडशे. साडेचारशेच होतात. मग उरलेले दीडशे गिऱ्हाईक काय करतं?"

शेजारच्या टेबलावरचे इतिहासाचे सर हसले. "बचत करत असेल हो! आपल्या खान्देशात माणूस सगळं कुठं उडवतो?"

मीही हसलो आणि तिला "बघतो" म्हणून वाटेला लावलं.

ती गेल्यावर कागद घेतला. लग्रांजियन, म्हणजे ठरलेल्या पैशांत सर्वाधिक समाधान शोधायचं सूत्र, मांडलं: उपयोगिता अधिक लॅम्डा हा गुणक गुणिले, सहाशेमधून दोन्ही खर्च वजा केलेली रक्कम. भज्यांच्या आणि चहाच्या संख्येनुसार विकलन केलं, दोन्ही शून्याबरोबर ठेवली, एकाला दुसऱ्याने भागलं. लॅम्डा गेला आणि उरलं ते इतकंच: जितक्या प्लेट तितके चहा. सहाशेत असे जोड वीस बसतात. वाटा ठरतो तो घातांक भागिले घातांकांची बेरीज. इथे दोन तृतीयांश आणि एक तृतीयांश. प्रत्येक जास्तीच्या चहाने समाधान वाढतंच, तर पैसे खिशात ठेवून कोण बसेल? या उदाहरणात बचत नावाची वस्तूच नव्हती.

मुलगी बरोबर होती. हे मला त्या दुपारीच कळलं, आणि तरी मी दोन दिवस गप्प राहिलो. गुण विभागाकडे गेले होते. त्याहून खरं कारण म्हणजे लाज. समोर ती दिसली की मी जिना बदलायचो.

तिसऱ्या दिवशी ती पुन्हा दारात. रागाने नव्हे. "सर, रात्री परत तीनदा सोडवलं. वीसच येतात. चूक कळली नाही तर मी पुढच्या वर्षीही तेच लिहीन."

तिला खरंच स्वतःची चूक शोधायची होती. माझ्याच्याने आणखी राहवलं नाही. "चूक माझी आहे," म्हणालो, आणि तिला घेऊनच वर्गात गेलो. फळ्यावर सगळ्या पायऱ्या मांडल्या, माझी युक्ती कुठं चालते आणि कुठं नाही ते सांगितलं. मागच्या बाकावरून अहिराणीत आवाज आला, "म्हणजे बठ्ठा वर्ग नापास शे का, सर?"

सगळेच नापास! वर्ग हसला. मी बोलायच्या आत तीच उभी राहिली. "सर, यांचे गुण कापू नका. त्यांनी तुम्ही शिकवलेलंच लिहिलंय."

मी ते मान्य केलं. विभागप्रमुखांना दिलेल्या अर्जात कारण लिहिलं: तपासणाऱ्याची चूक. तिला त्या प्रश्नाचे दहाच्या दहा मिळाले, बाकीच्यांचे तसेच राहिले. ती त्या पेपरात पास झाली आणि दोन वर्षांत एम.ए. पूर्ण करून गेली.

आधीच्या किती तुकड्या ती अर्धी युक्ती घेऊन गेल्या, त्यातले किती जण आज जळगाव-धुळ्याच्या वर्गांत तीच शिकवत असतील, हे मनातून जात नाही. काहींना फोन केले, सगळे सापडले नाहीत. पण आता मी उत्तरपत्रिकेची पहिली पायरी आधी वाचतो, आणि शेवटची नंतर. हे मला एका विद्यार्थिनीने शिकवलं, तेही मला वर्गासमोर लहान न करता. तिचे आभार मी त्या दिवशी मानायला हवे होते. तेव्हा राहून गेलं, म्हणून इथे मानतो.