पाठमोरा वर्ग

उल्काबाईंना खेळ आवडत नसत असं नाही. वर्गात खेळ आवडत नसत. खेळाला मैदान असतं, ते नसलं तर मधली सुट्टी असते, असं त्यांनी पहिलीच्या मुलांना आयुष्यभर सांगितलं. निवृत्तीनंतर नारायण पेठेतल्या त्यांच्या फ्लॅटमध्ये ऐकायला फक्त शरच्चंद्र, म्हणजे त्यांचे यजमान, उरले, तरी मत तेच राहिलं.

अशा बाईंच्या गळ्यात ऑनलाइन शिकवणी पडली ती वरच्या मजल्यावरच्या नम्रतामुळे. नम्रता अकोल्याची. नवरा कारखान्यात आणि ही संध्याकाळी लॅपटॉपसमोर बसून पाच लहान मुलांना मराठी वाचायला शिकवायची. एकेक मूल तिने हातापाया पडून जमवलेलं. बाळंतपणाला माहेरी निघाली तेव्हा वर्ग मोडायची तिला धास्ती वाटत होती.

"पाच देतेस, पाच परत घे," उल्काबाई म्हणाल्या. "येशील तेव्हा मोजून घे."

जाताना नम्रताने आपली पद्धत समजावली. दर थोड्या वेळाने मुलांना हलवायचं. 'क'ची वस्तू घरातून पळत जाऊन आणायला सांगायची. वाक्य बरोबर वाटलं तर उभं राहायचं, चूक वाटलं तर खाली बसायचं. शब्द पाटीवर लिहून सगळ्यांनी एकदम कॅमेऱ्यासमोर धरायचा. एकाला विचारत बसलं की बाकीचे चौघे जातात, असं तिचं म्हणणं.

"जातात कुठे? आपापल्या घरातच असतात ना?" एवढं विचारून उल्काबाईंनी ती पद्धत तिच्याबरोबर अकोल्याला पाठवून दिली.

त्यांचा वर्ग हाताची घडी घालून सुरू झाला. एकाने वाचायचं, चौघांनी ऐकायचं. चार दिवसांत चौघे खरोखरच गेले. एकाच्या चौकोनात नुसता छताचा पंखा फिरत असे. मुक्ताई नावाची मुलगी बाहुलीला वेफर्स भरवी आणि उरलेले स्वतः खाई. खराडीचा केयूर तर टेबलाखाली राहायलाच गेला होता. नाव पुकारलं की फक्त हात वर यायचा. वर्गात डोळे वटारले की तिसऱ्या बाकापर्यंत शांतता होई, इथे डोळे वटारले तर मुक्ताईने विचारलं, "बाई, तुमचं नेट अडकलं का?"

मग केयूरच्या आईचा, अपूर्वाचा, फोन आला. ती कुठल्याशा कंपनीत मोठ्या हुद्द्यावर होती आणि बोलताना मध्येच दुसऱ्या कोणाला तरी इंग्रजीत झापत होती. तिचं म्हणणं, केयूर एंगेज होत नाही. शुक्रवारचा वर्ग ती स्वतः शेजारी बसून पाहणार होती. नाही जमलं तर केयूरला दुसरीकडे घालणार, आणि त्याच सोसायटीतली दोघं त्याच्याबरोबर जाणार.

"आमच्या वेळी त्याला लक्ष म्हणायचे," उल्काबाई म्हणाल्या, "आणि ते मुलं द्यायची. पुरवायला लागत नसे."

फोन ठेवल्यावर मात्र त्यांनी हिशेब मांडला. पाचातून तीन गेले की दोन उरतात, हे त्यांनी हजारो मुलांना शिकवलं होतं. पण बाळ कडेवर घेऊन परतलेल्या नम्रताला 'दोनच आहेत' असं कोणत्या तोंडाने सांगणार? शब्द आपण दिलेला, मोजून घे म्हणालेलो.

चूक कुठेतरी होती, आणि ती आपल्या शिकवण्यात नाही, हे उघडच होतं. शोध घेता घेता ती यंत्रात सापडली. त्या कॅमेऱ्यासमोर शब्दाचं कार्ड धरत तेव्हा पडद्यावरच्या त्यांच्या चौकोनात अक्षरं उलटी दिसत. मुलं बिचारी वाचणार काय, डोंबल? आणि नम्रता पोरांना घरभर पळवत होती. दोष अक्षरांत आणि इलाज उठाबशांचा.

दोन दुपारी त्या खिडकीशी उभ्या राहिल्या. कार्डावर शब्द लिहायचा, कार्ड पालथं करून काचेला लावायचं आणि उजेडात दिसणारं उलटं अक्षर मागून गिरवायचं. पतंग, बदक, गवत, नळ. एकही वेलांटी नाही, पण वळण असं की बघत राहावं. शरच्चंद्रांनी पेपरवरून दोनदा पाहिलं आणि दोनदा पेपर वाचायला घेतला.

शुक्रवारी बाईंनी पहिलं कार्ड धरलं. त्यांच्या चौकोनात 'पतंग' सुलट, सुरेख उमटला. आणि पाचही मुलं गप्प झाली. पंखा दिसत होता तिथे चेहरा आला. मुक्ताईने वेफर्स खाली ठेवले. माना तिरक्या झाल्या, नाकं पडद्याला टेकली. केयूर टेबलाखालून वर आला.

उल्काबाईंनी मनातल्या मनात अकोल्याकडे एक कटाक्ष टाकला. बघ म्हणावं. याला लक्ष म्हणतात.

"वाच, केयूर."

केयूरने वाचलं नाही. तो उठून चालता झाला. परत आला तो हातआरसा घेऊन, आणि सरळ बाईंकडे पाठ करून बसला.

"पतंग," तो म्हणाला.

मग सगळे चौकोन रिकामे झाले. कुठे कपाट वाजलं, कुठे कोणीतरी आईच्या पर्समधल्या आरशावरून रडलं. आणि एकेक करत पाच पाठी बाईंसमोर येऊन बसल्या. पाच आरसे वर झाले. दुसरं कार्ड लागलं तेव्हा पाची जणांनी एकदम ओरडायला सुरुवात केली. आवाज एकमेकांत अडकून तुटत होते, पण 'बदक' ओळखू येत होतं.

इतक्या वर्षांत एकाही मुलाने त्यांना पाठ दाखवली नव्हती.

"शिक्षकांकडे पाठ करून बसायचं नसतं," त्या म्हणाल्या.

"मग वाचू कसं, बाई?" केयूर आरशातूनच बोलला. "तुमची अक्षरं उलटी आहेत."

"माझ्या अक्षरांना उलटं म्हणणारा अजून जन्माला यायचाय."

केयूरने क्षणभर विचार केला. "मी जन्मलोय ना."

बाईंनी पाट्या मागवल्या. आरसा बाजूला ठेवून पडद्यावर दिसतंय तस्संच लिहा म्हणाल्या. पाट्या वर आल्या. पाचही पाट्यांवर बदक उलट्या दिशेला चाललं होतं.

"आपलं आपल्याला आरशातल्यासारखं दिसतं," मागून शरच्चंद्र हळूच म्हणाले. "मुलांना पहिल्यापासून सुलटच दिसत होतं."

"दोन दिवस बघत होतात. बोलला का नाहीत?"

"विचारलं नाहीस."

तेवढ्यात केयूरच्या चौकोनात शेजारी बसलेली अपूर्वा डोकावली. आरशाची ॲक्टिव्हिटी इतकी इनोव्हेटिव्ह होती, म्हणाली, की तिने ती ऑफिसमधल्या दोघींना आत्ताच कळवलीसुद्धा. केयूर राहणार, ती दोघंही राहणार.

गप्प बसलं असतं तर सगळं सोपं होतं. पण चुकीला शाबासकी घेणं बाईंच्या रक्तात नव्हतं.

"ती ॲक्टिव्हिटी नव्हती," त्या म्हणाल्या. "माझी चूक होती."

"किती साध्या आहात तुम्ही," अपूर्वा हसली आणि तिला कुठलीशी मीटिंग लागली.

या बाईला चूक आणि कौशल्य यातला फरक कळत नाही आणि हिच्या हाताखाली माणसं आहेत, असं उल्काबाई जेवताना दोनदा म्हणाल्या. नम्रताला मात्र फोनवर फक्त 'पाच आहेत' एवढंच सांगितलं. तुम्ही काय केलंत म्हणून तिने फार विचारलं, तेव्हा म्हणाल्या, "बसतात. माझ्याकडे पाठ करून, पण बसतात."

सोमवारी सकाळी शरच्चंद्र तोंडाला साबण लावून आरसा शोधत बाहेर आले. तो टेबलावर होता. त्यासमोर बाई एकेक कार्ड धरून पाहत होत्या. काही सुलट, काही उलटी. सुलट असेल तर मुलांनी उभं राहायचं, उलट असेल तर बसायचं, असं त्यांनी ठरवलं होतं.

"खेळ का?" शरच्चंद्रांनी विचारलं.

"तपासणी," उल्काबाई म्हणाल्या. "आणि आरसा इथेच राहील. आज दाढी अंदाजाने करा."