बाही कोपराकडे पळाली तेव्हा

लढाईच्या दिवसांत वाशीमच्या स्टेशनवर लष्कराच्या गाड्या थांबत, आणि एका ठेकेदाराने तिथे रसोईखाना उघडला होता. त्याला खानसाम्यांसाठी पांढरे कोट आणि पुढून बांधायचे एप्रन शिवून हवे होते. बाजारात माझं शिंप्याचं दुकान. माझ्या हातचे कोट घालून वकील कोर्टात मिरवत, त्यामुळे कोट म्हटला की तो मला येतोच, अशी माझी ठाम समजूत होती. नमुना पसंत पडला तर लाइनीवरच्या सगळ्या रसोईखान्यांचे कपडे माझ्याकडे येणार होते. मी मनातल्या मनात दुकानाची नवी पाटी रंगवूनही टाकली. पाटीवर इंग्रजी अक्षरं होती, आणि मला इंग्रजी येत नव्हतं.

ही खबर आणली माझ्या दोस्ताने. तो तिथला मोठा खानसामा, शिरपूरकडचा. कामठीला साहेबांच्या रसोईत हात भाजून घेत शिकलेला. रोज माझ्या दुकानात बसून पान खायचा आणि माझ्या चिंध्यांना बोटं पुसायचा. त्याच्याच अंगाचं माप घ्यायचं ठरलं.

"हात सोडून उभा राह्य," मी म्हणालो, "फोटो काढाले राह्यतात तसा."

"हे घे. राह्यलो."

"बाही कुठवर पाह्यजे, बावा?"

"मनगटावर. अजून कुठं राह्यते बाही?"

"अन् छातीवर एक पल्ला दुसऱ्यावर किती चढवू?"

"मले काय विचारतं? वकिलायचे कोट तू शिवतं का मी?"

झालं. एवढ्या कौतुकावर माझी कात्री घोड्यासारखी धावली. पल्ला चार बोटं चढवला. बटणांच्या दोन रांगा लावल्या, पण काजं केली फक्त वरच्या पल्ल्याला. वकिलाला दुसरीकडे कशाला लागतात? कापड मोजकं होतं म्हणून बाहीला आत दुमड ठेवली ती बोटभर. एप्रन मात्र गुडघ्याखाली जाणारा, नाड्या मागून फिरवून पुढे गाठ मारता येईल एवढ्या लांब. एप्रनबद्दल अजूनही कुणी मला काही बोललेलं नाही.

नमुना दाखवायला रसोईत गेलो. ठेकेदार स्टुलावर बसलेला, चूल रसरसलेली. दोस्ताने कोट चढवला आणि खरं सांगतो, नवरदेव दिसत होता. मग तो चुलीवरून हात लांबवून मागचं पातेलं ओढू लागला. बाही मनगट सोडून निघाली ती थेट कोपराकडे. उघड्या हाताखाली जाळ. ठेकेदार ओरडला, "अरे, हाथ जलेगा उसका!"

दोस्ताने पळीतला रस्सा छातीवर सांडला. चुकून सांडला, असं त्या वेळी मला वाटलं. "अब पलटके लगाव," ठेकेदार म्हणाला. म्हणजे आतला स्वच्छ पल्ला वर घेऊन बटणं लाव. पण त्या पल्ल्याला काजं होतीच कुठे? त्यात पल्ला चारच बोटं चढलेला, म्हणून रस्सा आत झिरपून अंगातल्या गंजीपर्यंत पोचला.

"मी त्याले सांगतलं होतं, साहेब," दोस्त मान हलवत म्हणाला. "आयकतच नाही."

मी पुढे झालो. तेवढ्यात त्याने कपाटातून दुसरा कोट काढला. अकोल्याच्या त्याच्या साळ्याने शिवलेला. हात खाली सोडले तर बाही तळव्यावर येत होती, तिची कड उलटी दुमडलेली. चुलीवर हात लांबवला की बरोबर मनगटावर. दुमड खाली ओढली तर भांड्याची गरम मूठही धरता येत होती. पल्ला चांगला वीतभर, म्हणजे छातीवर कापडाचा दुहेरी थर. काजं दोन्हीकडे, बटणं कापडाच्या गाठींची. ठेकेदार खूश.

मी साळ्याचा कोट हातात घेऊन पाहिला. शिंप्याची सवय, जीव गेला तरी शिवण पाहतो. कापड धुऊन धुऊन मऊ झालेलं, कॉलरची कड विरलेली. म्हणजे माझ्यासमोर हात सोडून फोटोसारखा उभा राहिला, तेव्हा हा कोट त्याच्या कपाटातच होता. ठेकेदाराला दोन नमुने शेजारी ठेवून पाहायचे होते, हे मला आता कळलं. साळ्याच्या कोटाजवळ ठेवायला एक वाईट कोट लागत होता. तो शिवायला सगळ्या वाशीमात त्याला मीच आठवलो.

बाहेर फलाटावर मी त्याला गाठलं. "काहून केलं बे असं?"

"साळा रिकामा बसून राह्यला होता. बायको घरात जगू देत नव्हती." मग हळूच म्हणाला, "तुयं दुकान तं चालते ना."

"अन् मले इच्यारलं असतं तं?"

"तं तू चांगला शिवला असता."

मी माझा रस्सा सांडलेला कोट काखेत मारला आणि दुकानाकडे निघालो.

संध्याकाळी त्याने रसोईतून कटलेटचा डबा पाठवला. फेकून द्यावा असं फार वाटलं. तो रस्सा सांडलेला कोट अंगात घालून, पाय पसरून, मी ते सगळे खाल्ले. बाही कोपराशी होती, त्यामुळे तिला तेल लागलं नाही. आणि कटलेट इतके चांगले झाले होते, की तेच जास्त झोंबलं.