मागून आलेल्या चिठ्ठ्या

विद्यापीठाच्या नामांतराचं चाललं व्हतं तवाची गोष्ट. मालक वारलेले, पदरी दोन पोरी. मला धुन्याच्या पावडरीचं काम लागलं. कंपनीची गाडी मानवतच्या आसपासच्या गावांनी फिरायची. मी बायांपुढं बादलीत कपडे धुऊन दाखवायची आन एकेक चिठ्ठी हातात द्यायची. ती मानवतच्या दुकानात दिली की पुडा स्वस्त मिळायचा. चिठ्ठ्यांवर वाटायच्या दिवसाचा शिक्का गाडीवरचे साहेब सकाळीच मारून ठेवायचे.

आधी सगळ्या गावांतल्या मोठ्या लोकांच्या गल्ल्या केल्या. आमच्या बौद्ध वस्त्या शेवटी ठेवल्या. तसंच ठरलेलं व्हतं.

चिठ्ठी घेतली म्हनून बाई लगेच दुकानाला पळत न्हाई. घरातला साबन सरावा लागतो, मजुरी हातात यावी लागती, मग आठवडी बाजाराला कोनी गेलं तर पुडा येतो. चिठ्ठी कवाबी येऊ दे, साहेब ती शिक्का असलेल्या दिवसाच्या हिशोबात धरायचे. म्हनून जुन्या दिवसांचा आकडा बाजारामागून बाजार वाढत जायचा. कालचे-परवाचे दिवस रिकामेच दिसायचे.

वस्त्या झाल्या आन आठवड्यातच वरून रिपोर्ट मागितला. साहेबानं गाडीच्या बोनेटवर कागद पसरला.

"बाई, तुमच्या वस्त्यांत चिठ्ठ्या फुकट गेल्या. लोक नुसते तमाशा बघतात, घेत कोनी न्हाई."

मी म्हनले, "साहेब, गल्ल्यांतल्या बायांना चार बाजार मिळाले. आमच्यांना एकच. जरा दम धरा."

"रिपोर्ट आज जायचाय."

ड्रायव्हर हसत म्हनला, "मावशे, तुमच्या बाया पावडरीचा नुसता वासच घेतात काय, तोबी उधारीवर?" मी बादली आत ठेवली.

पुढच्या फेरीतून वस्त्या काढल्या. वस्त्यांतल्या बाया ऐकाव्यात म्हनूनच मला ठेवलं व्हतं, तवा मलाबी काढलं. घरी येऊन भाकरी थापल्या. दुसऱ्या दिशी खुरपायला गेले.

महिनाभरानं साहेब देवगाव फाट्यावर भेटले. मी यष्टीची वाट बघायले व्हते. तेच जीपमधून उतरून आले.

"बाई, तुमच्या वस्त्यांच्या चिठ्ठ्या नंतर आल्या. गल्ल्यांच्या बरोबरीनं आल्या. काही ठिकानी जास्तच."

"मग काम हाय का?"

"गाडी आता जालन्याकडं गेली. तिकडं वस्त्या धरल्याच न्हाईत. तो पहिला रिपोर्ट बघूनच ठरलं ते. नवा रिपोर्ट पाठवलाय मी."

"बरं केलं," मी म्हनले.

त्यांनी चहाचं विचारलं. यष्टी आली व्हती. मी चढले.