मौखिकीच्या सकाळी बदललेला घातांक

माझ्या विद्यार्थिनीची पीएचडीची मौखिकी होती, त्या सकाळी मी तिच्या सादरीकरणातला घातांक एकाचा अर्धा केला. तिला न विचारता. वर स्वतःवर खूश होऊन.

त्याचं असं झालं, की लखनौच्या पोरांना मी वर्षानुवर्षं अर्थशास्त्रातला यंत्रांचा नियम शिकवत आलोय. तेवढ्याच मजुरांना यंत्रं देत गेलात, तर प्रत्येक नव्या यंत्राचा उपयोग कमी कमी होतो. तिच्या समीकरणात यंत्रांच्या जागी कल्पना होत्या. तरी हात सवयीने चालला आणि घटता उपयोग दाखवायला मी एकाच्या जागी अर्धा लिहिला. आलेख नव्याने काढून मी हॉलच्या कॉम्प्युटरवर चढवला.

तिचा अख्खा प्रबंध नेमकं उलटं सांगत होता, की कल्पनांचा उपयोग असा घटत नाही. पडद्यावर मात्र अर्थव्यवस्थेच्या वाढीच्या दराची रेघ आजारी माणसासारखी खाली खाली झोपत गेली.

बाहेरून आलेल्या परीक्षकांनी प्रबंधाचं पान उघडलं. "इथे रेघ आडवी, तिथे उतरती. मॅडम, थीसिस आपने ही लिखी है ना?"

तिने माझ्याकडे पाहिलं. परीक्षकांसमोर गाइडची चूक दाखवायची नाही, हा आमच्या विभागातला अलिखित नियम. मी घाम पुसत उभा राहिलो. "सर, तो बदल माझा आहे. खरं तर तिथे—"

"आप बैठिए. उत्तर तुम्ही दिलंत, तर डिग्री पण तुम्हालाच देऊ का?"

बसलो. आता बोललो असतो तर तिची पदवी गेली असती, आणि गप्प राहूनही ती जाईल असंच दिसत होतं.

ती फळ्याकडे गेली. पहिला खडू मोडला. दुसरा घेतला.

"मलिहाबादचा एक आंबा मी खाल्ला, तर तो तुम्हाला मिळत नाही," ती हिंदीत म्हणाली. "कलम बांधायची रीत मी शिकले, तरी तुमच्याकडची कमी होत नाही. म्हणून प्रत्येक संशोधकाला सगळ्या जुन्या कल्पना पूर्ण वापरता येतात."

"ते ठीक. पण तेवढ्याने वाढ टिकते?"

इथे भले भले घसरतात.

"नाही, सर. ते घातांकावर आहे." तिने दोन ओळी मांडल्या. "संशोधकांची संख्या तीच ठेवली आणि घातांक एक असला, तर दर टिकतो. प्रबंधात तो एक धरलाय. अर्धा केला, तर जुन्या कल्पनांची मदत पुरी पडत नाही आणि दर शून्याकडे जातो. पडद्यावर तेच दिसतंय. घातांक बरोबर एक असणं ही कडक अट आहे, हे मी शेवटच्या प्रकरणात मान्य केलंय."

परीक्षकांनी मागची पानं उलटली, वाचली. मग पेनाचं टोपण काढून सही केली.

चहाच्या वेळी मी त्यांच्याजवळ गेलो. आभार मानणार, तेवढ्यात तेच म्हणाले, "लड़की होशियार है. आपके होते हुए भी पीएचडी कर ली."