एकोणनव्वद

न्यायालयाचा निकाल आमच्या केंद्रातल्या शिक्षकांच्या व्हॉट्सअॅप गटावर आला तेव्हा मी तिसरीच्या मुलांना वजाबाकी शिकवत होते. मधल्या सुट्टीत वाचला. निवृत्तीला पाच वर्षांहून जास्त अवकाश असलेल्या शिक्षकांनी दोन वर्षांत टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, उत्तीर्ण व्हायचं, नाहीतर सेवा संपली. फळ्यावर हातचा एक लिहायचा राहिला होता, तो तसाच राहिला.

ताम्हिणीकडच्या आमच्या जिल्हा परिषद शाळेत शिक्षक दोनच. मी, आणि मुख्याध्यापकाचा पदभार सांभाळणारे गुरुजी. त्यांची तीन वर्षं उरलेली.

"मला माफी हाय बाई," ते म्हणाले. "फक्त बढती न्हाई. तशी ती आधी बी कुटं होती?"

"तुमचं बरंय."

"तुमी कशाला घाबरताय? तालुक्याच्या मास्तरांना तुमीच शिकवताय की."

ते खरं होतं. बारावीनंतर डी.एड., तीन वर्षं शिक्षणसेवक, मग कायम. नोकरी करता करता मुक्त विद्यापीठातून बी.ए. केलं. आमच्या घराण्यातली ती पहिली पदवी, आणि मी ती कुणाच्या उपकारानं घेतलेली नाही. पुढे पदवीधर शिक्षक, मुख्याध्यापक, केंद्रप्रमुख अशी शिडी दिसत होती. शिक्षकांच्या प्रशिक्षणांत शिकवायला, सुलभक म्हणून, बोलवायचे, जिल्ह्याच्या शिक्षक पुस्तिकेतलं एक प्रकरण माझ्याकडून लिहून घेतलं होतं. आता शिडी राहिली बाजूला, पायाखालची जमीनच हलायला लागली.

आईला सांगितलं. तिनं जन्मभर दुसऱ्याच्या भातात लावणी केली. ती म्हणाली, "येवढी वर्सं शिकिवलंस, ते धरत न्हाईत व्हय?"

"न्हाई धरत."

तिनं निवडायला घेतलेलं सूप बाजूला ठेवलं. त्यानं मला जास्त भीती वाटली.

पहाटे उठून बालमानसशास्त्र पाठ करायचे. वर्गात मुलांकडे पाहताना मनात यायचं, ही मुलं मला बाई म्हणतात, दोन वर्षांनी काय म्हणतील?

परीक्षेला पुण्यातली शाळा मिळाली. बाक छोटे, गुडघे वर येत होते. शेजारच्या बाकावरची मुलगी माझ्याकडे बघून उभी राहिली. "बाई, तुम्ही?" माझीच चौथीची विद्यार्थिनी, आता डी.एल.एड., म्हणजे आमच्या वेळचं डी.एड., झालेली. तिला नोकरीत शिरायचं होतं आणि मला टिकायचं होतं. मी म्हटलं, "बस गं. गोल नीट भर."

दीडशे प्रश्न, प्रत्येकी एक गुण, अडीच तास. उत्तीर्ण व्हायला मला नव्वद गुण लागत होते. एका प्रश्नावर मी अडले. रोज उशिरा येणाऱ्या मुलाबाबत शिक्षक प्रथम काय करतील? वर्गातच त्याला कारण विचारतील, पालकांना बोलावतील, मुख्याध्यापकांना कळवतील, की त्याला बसू देऊन पाठ पुढे नेतील?

पुस्तक म्हणतं, कारण विचारा. पण माझ्यासमोर वाडीवरचा एक मुलगा उभा राहिला. पहिल्या वर्षी मी त्याला भर वर्गात विचारलं होतं. तो बोलला नाही, आणि दुसऱ्या दिवसापासून आलाच नाही. मी चौथा गोल भरला.

काही दिवसांनी अंतरिम उत्तरसूची आली. गुरुजींनी सूची वाचली आणि मी माझ्या उत्तरपत्रिकेच्या कार्बन प्रतीवर बोट ठेवून मोजलं. एकोणनव्वद. पुन्हा मोजलं, एकोणनव्वदच. उशिरा येणाऱ्या मुलाच्या प्रश्नाला सूचीत पहिला पर्याय बरोबर धरला होता.

"आक्षेप घ्या," गुरुजी म्हणाले. "पुरावा जोडायला लागतो."

पुरावा म्हणून मी जिल्ह्याच्या पुस्तिकेचं पान जोडलं. 'चारचौघांत कारण विचारू नये, मुलाला आधी बसू द्यावे.' प्रकरणाच्या शेवटी माझं नाव.

गुरुजींनी चष्मा वर केला. "तुमचंच लिवलेलं, तुमचाच पुरावा. हे म्हंजे आरोपीनं साक्ष देणं झालं."

मी हसले आणि आक्षेप पाठवून दिला. तीन आठवडे फोन वाजला की आधी अंतिम सूची आली का ते बघायचे.

अंतिम सूचीत काही बदललं नाही. एकोणनव्वदच राहिले. मुदत अजून आहे, पुढच्या परीक्षेचा अर्ज भरला, आणि अभ्यासाच्या वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलं: पुस्तक म्हणेल तेच.

सोमवारी पाढे चालू होते. दारात एक मुलगी येऊन थांबली, केस ओले, चपला हातात. सगळा वर्ग माझ्याकडे बघायला लागला. पुस्तकातलं वाक्य माझ्या तोंडाशी आलं होतं.

"ये, बस," मी म्हटलं, आणि सातच्या पाढ्याची पुढची ओळ म्हणायला लागले.